बोनस आणि राइट्स असलेले गुंतवणूक खाते : प्रति शेअर खर्च नेमका कुठे चुकतो?

सावली_मनीषनगर

नमस्कार. मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सोबत सीए इंटरचीही तयारी करते आहे. गुंतवणूक खात्याच्या एका उदाहरणावर मी दोन दिवस अडकले आहे. शिकवणीतील सरांनी फळ्यावर केवळ उत्तर लिहून दिले आणि रीत घरी शोधायला सांगितली. त्यांचे उत्तर ३१,२४० रुपये नफा असे आहे, माझे ३२,५७३ रुपये ३३ पैसे येते. उदाहरण असे आहे.

१ एप्रिल २०२३ रोजी एका गुंतवणूकदाराकडे १० रुपये दर्शनी किमतीचे २,००० शेअर्स होते आणि त्यांचा पुस्तकी खर्च ३,०३,१०० रुपये होता. १ जून रोजी त्याने आणखी ५०० शेअर्स १८० रुपये दराने घेतले आणि त्यावर १ टक्का दलाली दिली. १ सप्टेंबर रोजी कंपनीने पाच शेअर्सना एक याप्रमाणे बोनस शेअर्स दिले. १ ऑक्टोबर रोजी सहा शेअर्सना एक याप्रमाणे १२० रुपये दराने राइट्स, म्हणजे नवे शेअर्स घेण्याचे हक्क, देऊ केले. त्यांपैकी ३०० शेअर्स गुंतवणूकदाराने घेतले आणि उरलेले हक्क प्रत्येकी २५ रुपयांना विकले. १० ऑक्टोबर रोजी ३१ मार्च २०२३ रोजी संपलेल्या वर्षाचा २० टक्के लाभांश मिळाला. बोनस आणि राइट्स शेअर्सना तो लागू नव्हता. १५ जानेवारी २०२४ रोजी १,१०० शेअर्स १६० रुपये दराने विकले, दलाली १ टक्का.

मी लाभांशाचे ५,००० रुपये उत्पन्नाच्या रकान्यात घेतले आणि हक्कविक्रीचे ५,००० रुपये खर्चातून वजा केले, कारण हक्क हा शेअरचाच भाग आहे असे मला वाटले. माझा गैरसमज नेमका कोठे होतो आहे, हे कृपया कोणी सांगेल का?

महालकर

लाभांशाची रक्कमच चुकलेली दिसते. १० ऑक्टोबरला त्याच्याकडे ३,३०० शेअर्स होते, म्हणजे प्रत्येकी २ रुपयांप्रमाणे ६,६०० रुपये मिळायला हवेत.

सावली_मनीषनगर

दादा, नव्या शेअर्सना हा लाभांश लागू नाही असे उदाहरणात स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे २,५०० शेअर्सवर ५,००० रुपये ही रक्कम बरोबर असावी.

इतवारी_वहीखाते

मी इतवारीतील एका पेढीवर सतरा वर्षे हिशेब लिहितो. आमचे शेठ शेअर्सची खरेदी-विक्री करतात आणि त्यांची वही माझ्याच हाती असते. सरासरी काढण्याची ही पद्धत मला मुळातच पटत नाही. जो माल आधी आला तो आधी गेला, असे धरले पाहिजे. डिमॅट खात्यातही तसेच धरतात. म्हणून विकलेले १,१०० शेअर्स हे १ एप्रिलच्या जुन्या २,००० मधलेच आहेत. त्यांचा दर १५१ रुपये ५५ पैसे, म्हणजे खर्च १,६६,७०५ रुपये. दलाली वजा जाता विक्रीचे १,७४,२४० रुपये हाती आले, तेव्हा नफा फक्त ७,५३५ रुपये. सरांचे ३१,२४० आणि तुझे ३२,५७३ ही दोन्ही उत्तरे माझ्या मते चूक आहेत.

सेवानिवृत्त_अजनी

विषय माझ्याच अडचणीचा निघाला म्हणून लिहितो. माझ्याकडे एका कंपनीचे १०० शेअर्स २०१२ सालापासून होते, घेतले तेव्हा ४०० रुपये दर होता. सप्टेंबर २०१७ मध्ये एकास एक बोनस मिळाला आणि २०० झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलीच्या घराच्या कामासाठी १५० शेअर्स ९०० रुपयांना विकले. मोबाइलवरील अ‍ॅप सरासरी खरेदी किंमत २०० रुपये दाखवते, त्यामुळे मी १,०५,००० रुपये नफा धरला. परंतु सावलीने हक्कविक्रीची रक्कम खर्चातून वजा केली, तसे लाभांशही वजा करायचे असतील, तर माझ्या बारा वर्षांच्या लाभांशांचे काय करायचे? ते सर्व वजा केले तर खर्च उणे होऊन जाईल.

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

सावली, तुझ्या उदाहरणापासून सुरुवात करते. अजनीच्या काकांचा प्रश्न वेगळ्या शाखेचा आहे, त्यांनी थोडा धीर धरावा.

गुंतवणूक खाते हे साध्या खात्यासारखे एका रकान्याचे नसते. त्यात शेअर्सची संख्या, उत्पन्न आणि खर्च असे तीन रकाने शेजारी शेजारी चालतात, आणि प्रत्येक घटना घडली की ती या तिघांपैकी कोणकोणत्या रकान्यांत जाते हे ठरवावे लागते. बोनस फक्त संख्येत जातो, खर्चात नाही. राइट्स घेतले तर संख्येतही जातात आणि खर्चातही. लाभांश साधारणपणे उत्पन्नात जातो. मात्र तुझी पहिली चूक या ‘साधारणपणे’ शब्दापाशीच झाली आहे.

लाभांश कोणत्या वर्षाचा आहे ते पाहा. तो ३१ मार्च २०२३ रोजी संपलेल्या वर्षाचा आहे. जुन्या २,००० शेअर्सच्या बाबतीत ते वर्ष गुंतवणूकदाराने स्वतः काढले होते, म्हणून त्यांवरचे ४,००० रुपये हे त्याचे उत्पन्न. परंतु ५०० शेअर्स त्याने १ जून रोजी घेतले. त्या वर्षाशी त्याचा संबंधच नव्हता. ज्याने त्याला ते शेअर्स विकले त्याने येऊ घातलेल्या लाभांशाची किंमत १८० रुपयांत लावून घेतली होती. म्हणजे १८० पैकी २ रुपये हे शेअरसाठी नव्हे, तर पुढे मिळणाऱ्या रोख रकमेसाठी मोजलेले होते. ती रक्कम हाती आली की त्याच्या खिशातले पैसेच त्याला परत मिळाले. त्याला उत्पन्न म्हणता येत नाही, म्हणून १,००० रुपये खर्चाच्या रकान्यात जमा बाजूला जातात.

काका, तुमच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. खरेदीपूर्व काळाचा लाभांश तेवढाच खर्चातून कमी होतो, आणि तोही पुस्तकी हिशेबात. तुमचे बारा वर्षांचे लाभांश तुम्ही शेअर्स स्वतःकडे ठेवून मिळवलेले आहेत. ते उत्पन्नच आहे.

दुसरी चूक हक्कविक्रीची. गुंतवणुकीविषयीच्या लेखा मानक १३ प्रमाणे हक्क न घेता विकले तर मिळालेली रक्कम नफा-तोटा खात्याला जाते. ती खर्चाच्या रकान्याला स्पर्शही करत नाही.

आता हिशेब कर. ३,०३,१०० अधिक ९०,९०० मिळून ३,९४,००० रुपये. त्यातून १,००० वजा केले की ३,९३,०००. राइट्सचे ३६,००० मिळवले की ४,२९,००० रुपये. शेअर्स २,००० अधिक ५०० अधिक बोनसचे ५०० अधिक राइट्सचे ३००, म्हणजे ३,३००. प्रति शेअर खर्च बरोबर १३० रुपये.

सावली_मनीषनगर

मॅडम, मनापासून आभार. १,१०० गुणिले १३० म्हणजे १,४३,०००, आणि १,७४,२४० मधून ते वजा केले की ३१,२४०. उत्तर जुळले.

एक गोष्ट मात्र लक्षात आली नाही. माझ्या दोन चुकांमुळे खर्चात ४,००० रुपयांचा फरक पडला, कारण १,००० वजा करायचे राहिले आणि ५,००० नको असताना वजा झाले. तरीही नफ्यातला फरक १,३३३ रुपये ३३ पैसे एवढाच का?

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

कारण तू ३,३०० पैकी १,१०० शेअर्स विकलेस, म्हणजे एक तृतीयांश. खर्चातल्या चुकीचा एक तृतीयांश भाग नफ्यात उतरला आणि उरलेले दोन तृतीयांश अखेरच्या शिल्लकेत दडून बसले. पुढच्या वर्षी ते शेअर्स विकले जातील तेव्हा ते बाहेर येतील. उत्तर चुकल्यावर हा भागाकार उलट करून पाहण्याची सवय लाव. दोन उत्तरांतील फरकाला विकलेल्या भागाच्या प्रमाणाने भागले की खर्चात किती रुपयांची चूक आहे ते कळते, आणि ती रक्कम उदाहरणात कोठे दिसते ते शोधणे सोपे जाते. अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मी विद्यार्थ्यांच्या चुका अशाच शोधत असे.

रामदासपेठ_आर्टिकल

मॅडमच्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण हक्कविक्रीच्या मुद्द्यावर एक अपवाद राहून गेला, तो मांडतो. मी एका सीए कार्यालयात आर्टिकलशिप करतो आहे. त्याच मानकात असे म्हटले आहे की शेअर्स हक्कासहित किमतीला घेतलेले असतील, आणि हक्क वेगळा झाल्यानंतर लगेचचा बाजारभाव खरेदीखर्चापेक्षा कमी असेल, तर हक्कविक्रीची रक्कम वापरून पुस्तकी खर्च बाजारभावापर्यंत खाली आणणे योग्य ठरू शकते. समजा १०० शेअर्स हक्कासहित ३०,००० रुपयांना घेतले, हक्क वेगळा झाल्यावर त्यांचा बाजारभाव २७,००० झाला आणि हक्क ४,००० रुपयांना विकले. तर ३,००० रुपये खर्चातून कमी होतील आणि फक्त १,००० नफा-तोटा खात्याला जातील.

म्हणून सावलीची कल्पना पूर्णपणे निराधार नाही. १ जूनचे ५०० शेअर्स १८१ रुपये ८० पैशांना पडले होते आणि हक्क २५ रुपयांना विकला गेला, म्हणजे १२० अधिक २५ मिळून हक्कानंतरचा भाव साधारण १४५ रुपये असावा. १४५ हा १८१.८० पेक्षा बराच कमी आहे. माझ्या मते या ५०० शेअर्सच्या वाट्याची हक्कविक्री खर्चातून वजा व्हायला हवी.

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

अपवाद तुम्ही अचूक सांगितलात, आणि मी तो लिहायला हवा होता. परंतु तुलना मात्र अशी करता येणार नाही. १८१.८० हा बोनसच्या आधीचा खर्च आहे आणि १४५ हा बोनसनंतरचा भाव. मध्ये १ सप्टेंबर येऊन गेला आहे. त्या ५०० शेअर्सना १०० बोनस मिळाले, म्हणजे ते ६०० झाले. त्यांचा खर्च ९०,९०० मधून लाभांशाचे १,००० वजा जाता ८९,९०० रुपये, म्हणजे प्रति शेअर १४९ रुपये ८३ पैसे. तुलना करायचीच असेल तर ती १४९.८३ ची १४५ शी करायला हवी. बोनसमुळे घसरलेला भाव हक्कामुळे घसरला असे समजून खर्च कमी केला, तर एकाच घसरणीचा हिशेब दोनदा होतो.

दुसरे असे की १ जूनची खरेदी हक्कासहित होती असे उदाहरणात कोठेही म्हटलेले नाही. हक्क चार महिन्यांनंतर जाहीर झाला. हक्कासहित खरेदी म्हणजे हक्क जाहीर झाल्यानंतर, पण शेअर हक्काविना व्यवहारात येण्यापूर्वी केलेली खरेदी, असे मी समजते.

रामदासपेठ_आर्टिकल

बोनसचा मुद्दा मान्य, ती माझी चूक झाली. तरीही १४५ हा भाव १४९.८३ पेक्षा कमीच राहतो, म्हणजे त्या ६०० शेअर्सवर २,९०० रुपयांची घट दिसते. त्या ६०० शेअर्सना १०० हक्क मिळाले. एकूण ५०० पैकी २०० हक्क विकले, म्हणून यांच्या वाट्याला ४० हक्कांचे १,००० रुपये येतात. एवढीच रक्कम खर्चातून कमी केली तर प्रति शेअर खर्च १२९ रुपये ७० पैसे होतो आणि नफा ३१,५७३ रुपये. खरेदी हक्कासहित होती की नाही, हे उदाहरणात लिहिलेले नसताना दोन्ही अर्थ निघू शकतात, असे मला अजूनही वाटते. आमच्या कार्यालयातही यावर एकमत नाही.

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी विद्यार्थ्याला एक वाक्य लिहायला सांगेन : ‘शेअर्स हक्कासहित घेतलेले नाहीत असे गृहीत धरले आहे.’ हे गृहीतक लिहिल्यावर ३१,२४० वर कोणी गुण कापू नयेत. परंतु प्रत्यक्ष वहीत मात्र १४५ हा भाव २५ आणि १२० वरून अंदाजाने काढता येणार नाही. शेअर हक्काविना व्यवहारात आला त्या दिवसाचा बाजारातील भावच घ्यावा लागेल, कारण हक्काची किंमत आणि शेअरचा भाव यांत नेहमी तंतोतंत मेळ असेलच असे नाही.

इतवारी_वहीखाते

मॅडम, माझ्या मुद्द्याला आपण उत्तर दिले नाही. मी सतरा वर्षे जी पद्धत वापरतो ती चूक असती तर लेखापरीक्षकांनी कधीतरी हटकले असते.

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

आपली पद्धत आपल्या पेढीसाठी चूक नाही, भाऊ. आपले शेठ शेअर्सचा व्यापार करतात, म्हणजे त्यांचे शेअर्स हा विक्रीसाठी ठेवलेला माल आहे. मालाच्या बाबतीत आधी आला तो आधी गेला ही रीतही चालते आणि सरासरीही, फक्त एकदा स्वीकारलेली रीत सातत्याने वापरायची असते. सावलीच्या उदाहरणातील माणूस मात्र गुंतवणूकदार आहे. गुंतवणुकीचा काही भाग विकला तर त्या भागाचा खर्च एकूण धारणेच्या सरासरी पुस्तकी मूल्यावरून काढायचा, असे मानक १३ सांगते. तेथे निवड करण्याची मुभा नाही.

इतवारी_वहीखाते

हा फरक मला आजवर कोणी सांगितला नव्हता. शेठजींच्या पत्नीच्या नावावर काही शेअर्स गुंतवणूक म्हणून ठेवलेले आहेत आणि त्यांचाही हिशेब मी त्याच रीतीने लिहीत आलो. ते खाते उघडून पाहावे लागेल. मग डिमॅटमध्ये आधी आला तो आधी गेला असे धरतात, त्याचे काय?

धंतोली_करसल्ला

त्याचे उत्तर मी देतो, कारण अजनीच्या काकांचा प्रश्नही तेथेच येऊन मिळतो.

आयकरासाठी डिमॅट खात्यातील शेअर्स विकले, तर त्या खात्यात जे आधी आले ते आधी गेले असे धरतात. तेथे सरासरी चालत नाही. म्हणजे एकाच विक्रीवर पुस्तकात ३१,२४० रुपये नफा आणि आयकरासाठी ७,५३५ रुपये भांडवली नफा अशा दोन रकमा निघतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. इतवारीच्या भाऊंनी काढलेला आकडा म्हणूनच निरर्थक नव्हता. तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होता.

या दोन आकड्यांतील तफावत नाहीशी होत नाही, ती पुढे ढकलली जाते. आयकरात बोनस शेअर्सचा खर्च शून्य धरतात. सावलीच्या गुंतवणूकदाराने पुढे सर्व शेअर्स विकले, तर बोनसच्या ५०० शेअर्सची पाळी येईल तेव्हा विक्रीची जवळजवळ संपूर्ण रक्कम भांडवली नफा ठरेल, आणि ते किती काळ ठेवले हेही बोनस मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जाईल. पुस्तकात मात्र बोनसचा लाभ त्याने १३० रुपयांच्या सरासरीतून आधीच थोडा थोडा घेतलेला असेल.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो. काका, अ‍ॅपवरील २०० रुपयांची सरासरी तुम्ही वापरू नका. तुमच्या १५० पैकी पहिले १०० शेअर्स हे २०१२ चे मूळ शेअर्स समजले जातील आणि उरलेले ५० बोनसचे. तुमच्या बाबतीत आणखी एक तरतूद लागू होते. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी मिळवलेल्या शेअर्ससाठी ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव विचारात घेता येतो. तो भाव आणि विक्रीचा भाव यांतील जो कमी असेल तो घ्यायचा, त्याची तुलना मूळ खर्चाशी करायची, आणि यांतील जो जास्त असेल तो खर्च म्हणून धरायचा. त्या दिवशीचा तुमच्या शेअरचा शेअर बाजारातील सर्वोच्च भाव किती होता?

महालकर

पण बोनसचा खर्च शून्य असेल, तर काकांचे ५० शेअर्स पूर्ण नफ्याचे झाले ना? म्हणजे १०० वर ५०० रुपयांप्रमाणे ५०,००० आणि ५० वर ९०० रुपयांप्रमाणे ४५,०००, एकूण ९५,०००.

सेवानिवृत्त_अजनी

जुनी कागदपत्रे काढली. मुलाने शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून पाहून सांगितले की त्या दिवशी सर्वोच्च भाव ५२० रुपये होता.

धंतोली_करसल्ला

महालकर, शून्य खर्च हा आरंभबिंदू आहे. काकांचे बोनस शेअर्स सप्टेंबर २०१७ मध्ये मिळाले, म्हणजे ३१ जानेवारी २०१८ च्या आधी, म्हणून ती तरतूद त्यांनाही लागू होते. ५२० आणि ९०० यांतील कमी ५२०. त्याची तुलना मूळ शेअर्ससाठी ४०० शी आणि बोनससाठी शून्याशी केली, तरी दोन्हींचा खर्च ५२० रुपयेच येतो. म्हणून काकांचा दीर्घकालीन भांडवली नफा १५० शेअर्सवर ३८० रुपयांप्रमाणे ५७,००० रुपये. नोव्हेंबर २०२४ च्या विक्रीला वर्षभरातील अशा एकूण नफ्यावर १,२५,००० रुपयांपर्यंत सूट आहे, त्यामुळे त्या वर्षात याच प्रकारचा दुसरा नफा नसेल तर यावर कर लागणार नाही. तरीही रिटर्नमधील अनुसूचीत या शेअर्सचा स्वतंत्र तपशील भरावा लागतो.

हेच बोनस शेअर्स २०१९ मध्ये मिळाले असते तर महालकरांचे म्हणणे त्या ५० शेअर्सपुरते बरोबर ठरले असते, कारण ३१ जानेवारी २०१८ रोजी ते अस्तित्वातच नव्हते. म्हणून बोनसची तारीख जपून ठेवा, काका. अ‍ॅप ती दाखवतेच असे नाही, परंतु डिमॅटच्या व्यवहार विवरणात ती मिळते.

सेवानिवृत्त_अजनी

फार मोठी चिंता मिटली. मी १,०५,००० धरून बसलो होतो. २०१७ चे विवरण मी फाइलमधून काढून वेगळे ठेवले आहे. त्यात बोनसच्या नोंदीसमोर तारीख आणि १०० ही संख्या स्पष्ट आहे, रकमेची जागा कोरी आहे.

रामदासपेठ_आर्टिकल

काका, रकमेची ती कोरी जागाच बोनसचे पूर्ण तत्त्व सांगते. संख्या येते, पैसा जात नाही. सावली, तुझ्या खात्यातही १ सप्टेंबरच्या ओळीत खर्चाच्या रकान्यात अशीच रेघ यायला हवी.

सावली_मनीषनगर

तशीच ओढली आहे. आणखी एक विचारते. राइट्सची संख्या काढताना मी आधी २,५०० ला सहाने भागले होते, तेव्हा ४१६.६७ असा अपूर्णांक आला. मग ३,००० धरले आणि ५०० आले. मी अंदाजाने बरोबर आले, पण कारण कळले नाही.

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

कारण १ ऑक्टोबरला त्याच्याकडे बोनससह ३,००० शेअर्स होते आणि हक्क त्या दिवशी हाती असलेल्या शेअर्सवर मिळतो. लाभांशाला मात्र बोनस शेअर्स अपात्र होते. एकाच बोनसला राइट्ससाठी मोजायचे आणि त्या लाभांशासाठी मोजायचे नाही, येथेच बहुतेक विद्यार्थी घसरतात. म्हणून ओळी तारखेच्या क्रमाने लिहून प्रत्येक ओळीपुढे त्या दिवसापर्यंतची एकूण संख्या पेन्सिलीने मांडत जा. उदाहरणात अपूर्णांक आला की बहुधा मधला एखादा टप्पा सुटलेला असतो. प्रत्यक्षात मात्र अपूर्णांक येऊ शकतो, तेव्हा त्यावरून चूक शोधत बसू नकोस.

इतवारी_वहीखाते

राइट्सवरून एक अनुभव सांगतो. आता हक्क डिमॅटमध्ये वेगळे जमा होतात आणि ठरावीक दिवसच बाजारात विकता येतात. मागे एकदा शेठजींच्या पत्नीच्या खात्यात असे हक्क आले होते. मी ते शेअर्सच समजलो. घेतले नाहीत, विकलेही नाहीत, आणि मुदत संपल्यावर ते खात्यातून नाहीसे झाले. त्यांची वहीत काय नोंद करायची, हे मला तेव्हा समजले नाही आणि मी तोटा लिहिला.

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

भाऊ, त्या हक्कांसाठी पैसे मोजलेले नव्हते, तेव्हा वहीत त्यांचा खर्चच नव्हता. जे लिहिलेच नाही त्याचा तोटा लिहिता येत नाही. संधी गेली हे खरे, पण खात्यात त्याची नोंद होत नाही. बाजारातून विकत घेतलेले हक्क असे गेले असते, तर मात्र मोजलेली रक्कम तोटा ठरली असती. आपण लिहिलेला तो तोटा किती रुपयांचा होता आणि तो शेअर्सच्या खर्चातून वजा झाला होता का? झाला असेल तर त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीत नफा थोडा जास्त दिसला असेल.

इतवारी_वहीखाते

शेअर्सच्या खर्चातून वजा केला होता. वही पाहून आकडा सांगतो.

सावली_मनीषनगर

मी पूर्ण खाते पुन्हा लिहिले. खर्चाच्या रकान्यात नावे बाजूला ३,०३,१००, ९०,९००, ३६,००० आणि नफ्याचे ३१,२४०, जमा बाजूला लाभांशाचे १,०००, विक्रीचे १,७४,२४० आणि अखेरची शिल्लक २,२०० शेअर्स १३० दराने २,८६,०००. दोन्ही बाजू ४,६१,२४० वर जुळल्या. हक्कविक्रीचे ५,००० खात्याबाहेर थेट नफा-तोटा खात्याला नेले.

सरांनी आता पुढचा भाग दिला आहे. ३१ मार्च २०२४ रोजी बाजारभाव १२५ रुपये आहे. अखेरची शिल्लक २,७५,००० दाखवायची का?

रामदासपेठ_आर्टिकल

गुंतवणूक चालू स्वरूपाची असेल तर हो, खर्च आणि बाजारमूल्य यांतील कमी रक्कम घ्यायची आणि ११,००० रुपये नफा-तोटा खात्याला न्यायचे. दीर्घकालीन असेल तर २,८६,००० वरच ठेवायची, घट तात्पुरती नाही असे दिसत असेल तरच खाली आणायची. उदाहरणात काय म्हटले आहे?

सावली_मनीषनगर

काहीच म्हटलेले नाही. उद्या शिकवणीत सरांनाच विचारते, आणि हक्कासहित खरेदीचा तुमचा १,००० रुपयांचा मुद्दाही त्यांच्यापुढे ठेवते.

इतवारी_वहीखाते

मॅडम, वही पाहिली. तो तोटा ३,४०० रुपयांचा लिहिलेला आहे आणि त्यानंतर त्यांतील निम्मे शेअर्स विकले गेले. म्हणजे नफा १,७०० रुपयांनी जास्त दाखवला गेला आणि उरलेले १,७०० अजून शिल्लकेत आहेत, असेच ना?

वाणिज्य_शिक्षिका_सीताबर्डी

नफ्याच्या बाबतीत तसेच. शिल्लक मात्र १,७०० रुपयांनी कमी दिसत असेल, ती वाढवून घ्या. आणि तेव्हा वजा केलेले ३,४०० कोणत्या खात्याला नावे लिहिले होते, तेही पाहा.